थोरियमचं अर्धायुष्य वहीत काढायचं कसं: अल्फा ऱ्हास, टनेलिंग आणि घातांकाची करामत

थोरियम-२३२चं अर्धायुष्य सुमारे १४ अब्ज वर्षं आहे. थोरियम-२२६चं जेमतेम अर्धा तास. मूलद्रव्य एकच, दोघांतून बाहेर पडतो तो अल्फा कणही एकच, फरक फक्त सहा न्यूट्रॉनचा. ऱ्हासात सुटणारी ऊर्जा पहिल्यात ४.०८ एमईव्ही, दुसऱ्यात ६.४५ एमईव्ही. म्हणजे ऊर्जा दुप्पटसुद्धा झालेली नाही, आणि अर्धायुष्य मात्र २.४ × १०¹⁴ पटींनी घसरलं.

मी ठाण्यात नौपाड्याला टीवायबीएस्सीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. कळवा, ऐरोली, वाशीपासून मुलं येतात आणि दरवर्षी या धड्यात एकाच ठिकाणी अडतात. ‘टनेलिंगमुळे होतं’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण त्या वाक्यातून १४ अब्ज हा आकडा काढून दाखवता येत नाही. तो काढता येतो. साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर, वहीच्या एका पानात. या लेखात तेच करू. उदाहरण शेवटपर्यंत थोरियमचंच ठेवू.

आधी चित्र नीट बसवून घ्या

थोरियम-२३२मधून अल्फा कण निघाला की मागे रेडियम-२२८ उरतं. त्याच्या केंद्रकात ८८ प्रोटॉन, अल्फात २. दोन्ही धन, त्यामुळे एकमेकांना ढकलणार. हे प्रतिकर्षण अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, आणि त्याची स्थितिज ऊर्जा अणुकेंद्रकाच्या सोयीच्या एककांत फार सुटसुटीत लिहिता येते:

```
V(r) = 2 * Z * 1.44 / r      (V: MeV, r: fm)
```

यात Z हा मागे उरलेल्या केंद्रकाचा, म्हणजे इथे ८८. अंतर फेम्टोमीटरमध्ये, १०⁻¹⁵ मीटर हे एकक. दोन्ही गोळे एकमेकांना टेकलेले असतील तेव्हा अंतर साधारण ९.२ फेम्टोमीटर असतं. तिथे V भरते २७.४ एमईव्ही. त्याच्याही आत प्रबळ केंद्रकीय बल कणाला खेचून धरतं, तिथे खोल खड्डा आहे.

आता कणाकडे ऊर्जा आहे ४ एमईव्ही आणि समोरचा कडा २७ एमईव्हीचा. जुन्या यामिकीनुसार कण कधीच बाहेर येऊ नये. उलट बाजूनेही हेच कोडं होतं. पोलोनियम-२१२चे ८.८ एमईव्हीचे अल्फा कण युरेनियमवर सोडले तरी आत घुसत नाहीत, परत फिरतात. मग त्याच युरेनियममधून ४.२ एमईव्हीचा कण बाहेर कसा पडतो? १९२८ साली गॅमोव्हने, आणि त्याच वर्षी गर्नी व कॉन्डन या जोडीने स्वतंत्रपणे, याचं उत्तर दिलं. कण कड्यावरून उडी मारत नाही. त्याचं तरंगफलन कड्याच्या आत क्षीण होत जातं पण शून्य होत नाही, आणि पलीकडे जे उरतं ती बाहेर पडण्याची शक्यता.

हा ‘कडा’ डोळ्यांसमोर आणायचा तर मुंब्र्याचा पारसिक डोंगर घ्या. पायथ्याशी बोगदा खणायचा तर लांब पडतो, वरच्या अंगाला खणला तर आखूड, कारण डोंगर वर निमुळता होतो. कणाची ऊर्जा म्हणजे बोगद्याची उंची. आपला डोंगर मात्र एका बाजूला सरळ तुटलेला आणि दुसऱ्या बाजूला अतिशय लांब उताराचा आहे. ऊर्जा थोडी वाढली तर कड्याच्या बाजूला काही बदलत नाही, पण उताराच्या बाजूला बोगद्याचं तोंड बरंच अलीकडे येतं. हा उतार लक्षात ठेवा, पुढे त्याचा हिशेब करायचा आहे.

पहिली पायरी: ऊर्जा Q, आणि तीही दशांशांची कंजुषी न करता

Q म्हणजे ऱ्हासात सुटणारी एकूण ऊर्जा. ती अणुवस्तुमानांच्या वजाबाकीतून येते:

```
232.038055 - 228.031070 - 4.002603 = 0.004382 u
0.004382 * 931.494 = 4.082 MeV
```

तीन मोठ्या संख्या वजा करून उरतं ते चिमुकलं. म्हणून वस्तुमानं चार दशांश स्थळांवर आणून चालत नाही. चौथ्या स्थळावरचा एकचा फरक म्हणजे ०.०९३ एमईव्ही, आणि एवढ्याशा फरकाने अर्धायुष्य सहा-सात पटींनी हलतं. का, ते खाली येईलच. सहा दशांश स्थळं ठेवा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे Q ऐवजी अल्फा कणाची गतिज ऊर्जा घालणं. तक्त्यात थोरियम-२३२च्या मुख्य अल्फाची ऊर्जा ४.०१२ एमईव्ही दिसते. उरलेले ०.०७ एमईव्ही मागे सरकणारं रेडियम घेऊन जातं. सूत्रात मात्र दोघांची मिळून ऊर्जा जाते. ४.०१२ घातलंत तर उत्तर चौपटीहून जास्त येईल.

दुसरी पायरी: बोगद्याची दोन तोंडं

आतलं तोंड R, म्हणजे दोन गोळे टेकतात ते अंतर:

```
R = 1.2 * (228^(1/3) + 4^(1/3)) = 9.236 fm
```

बाहेरचं तोंड b, जिथे V उतरत उतरत Q एवढी होते:

```
b = 2 * 88 * 1.44 / 4.082 = 62.09 fm
```

म्हणजे अडथळ्याची जाडी ५३ फेम्टोमीटर. केंद्रकाच्या स्वतःच्या आकाराच्या मानाने हे प्रचंड आहे. पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांत अडथळा उंच आणि चिंचोळा काढलेला असतो. प्रमाणात काढला तर तो लोळत गेलेल्या शेपटीसारखा दिसेल. एकदा आलेखकागदावर खरोखर काढून बघा, पुढचं सगळं सोपं जातं.

तिसरी पायरी: अडथळा किती ‘खातो’

अडथळ्याचे पातळ काप करायचे. प्रत्येक कापात शक्यता किती वेगाने घटते ते κ या राशीवर ठरतं:

```
κ = sqrt(2 * mc2 * (V - Q)) / 197.33     (प्रति fm)
```

इथे mc2 म्हणजे अल्फा आणि रेडियम यांचं लघुकृत वस्तुमान, ३७२७.४ × २२८/२३२ = ३६६३ एमईव्ही. एक फेम्टोमीटरच्या कापातून शक्यता e^(−2κ) पट होऊन बाहेर येते.

दोन जागा जवळून बघू. अगदी आतल्या कड्यापाशी V − Q आहे २३.३ एमईव्ही, त्यामुळे κ येतो २.०९. तिथे प्रत्येक फेम्टोमीटरमागे शक्यता सुमारे ६५ पटींनी कमी होते. आता ५० फेम्टोमीटरवर या. V उतरून ५.०७ झाली आहे, V − Q जेमतेम १ एमईव्ही, κ ०.४३. तिथे एक फेम्टोमीटर ओलांडताना शक्यता ०.४२ पट होते, म्हणजे निम्म्याहून थोडी कमी. कड्यापाशी कर जबर आहे, पण अंतर थोडं. उतारावर कर हलका, पण रस्ता लांबच लांब.

सगळे काप जोडले की एक नेमकं सूत्र मिळतं. यात 2G म्हणजे सगळ्या कापांमधल्या 2κ ची बेरीज, आणि T म्हणजे अडथळा पार होण्याची शक्यता:

```
x  = R / b
k  = sqrt(2 * mc2 * Q) / 197.33
2G = 2 * k * b * (acos(sqrt(x)) - sqrt(x*(1-x)))
T  = e^(-2G)
```

आकडे घाला. x = ०.१४८८, k = ०.८७६४, कंसातली किंमत १.१७४८ − ०.३५५९ = ०.८१९०. त्यावरून 2G = ८९.१ आणि T = २ × १०⁻³⁹.

acos काढताना कॅल्क्युलेटर रेडियनवर हवा. डिग्रीवर राहिला तर कंसात ६७ च्या आसपासची संख्या येते आणि कॅल्क्युलेटर शेवटी सरळ शून्य दाखवतो. कंसातली किंमत १.५७पेक्षा कमीच असायला हवी, एवढं बघितलं तरी ही चूक तिथल्या तिथे सापडते.

चौथी पायरी: धडका मोजा, अर्धायुष्य काढा

अल्फा कण केंद्रकात इकडून तिकडे जातोय आणि प्रत्येक फेरीत भिंतीवर एकदा आपटतोय, असं धरायचं. वेग √(2Q/m) घेतला तर तो प्रकाशवेगाच्या ४.७ टक्के येतो. त्याला 2R ने भागलं की सेकंदाला ७.७ × १०²⁰ धडका. प्रत्येक धडकेत पार होण्याची शक्यता T, म्हणून दोघांचा गुणाकार म्हणजे ऱ्हासाचा स्थिरांक λ.

```
λ  = 7.66e20 * 1.97e-39 = 1.51e-18 प्रति सेकंद
t½ = 0.693 / λ = 4.6e17 सेकंद = 1.45e10 वर्षे
```

१४.५ अब्ज वर्षं. मोजलेली किंमत १४ अब्ज. इतकं जुळलेलं बघून हुरळून जाऊ नका. यात थोडा नशिबाचा भाग आहे. १.२ हा त्रिज्येचा गुणक कोणी १.२५ घेतला तर 2G १.६ने उतरतो आणि उत्तर जवळपास पाचपट कमी होतं. ‘धडका’ ही कल्पनासुद्धा ढोबळच. केंद्रकात अल्फा कण तयार होऊन वाट बघत बसलेला नसतो. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन एकत्र यायचीही काही शक्यता असते आणि ती आपण धरलेलीच नाही. या पद्धतीने दहापटीच्या आत उत्तर आलं की ते चांगलं आलं, असं मी मुलांना सांगतो.

गेल्या वर्षी ऐरोलीचा एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, माझं २७० अब्ज वर्षं येतंय, कुठे चुकलं कळत नाहीये.’’ वही न बघता विचारलं, Z किती घेतलास? ९०. थोरियमचा Z घेतला होता त्याने. अल्फा ज्याच्यापासून दूर ढकलला जातो ते केंद्रक रेडियमचं, ८८चं. फक्त दोन प्रोटॉनच्या फरकाने 2G ८९.१चा ९२ होतो आणि उत्तर १८-१९ पटींनी वाढतं. अठरा-वीस पटींची चूक दिसली की आधी Z तपासा. दोन-सव्वादोन पटींची दिसली तर लघुकृत वस्तुमानाऐवजी अल्फाचं पूर्ण वस्तुमान घेतलं गेलं असेल.

हाताने एकदा केलं की मग कोडवर जा:

```python
from math import sqrt, acos, exp, log

def ardhayu(Z, A, Q, r0=1.2):      # Z, A: मागे उरलेल्या केंद्रकाचे
    mc2 = 3727.4 * A / (A + 4)
    R = r0 * (A**(1/3) + 4**(1/3))
    b = 2 * Z * 1.44 / Q
    x = R / b
    k = sqrt(2 * mc2 * Q) / 197.33
    G2 = 2 * k * b * (acos(sqrt(x)) - sqrt(x*(1-x)))
    f = sqrt(2*Q/mc2) * 2.998e23 / (2*R)
    return G2, log(2) / (f * exp(-G2))

print(ardhayu(88, 228, 4.082))
```

उत्तर सेकंदांत येतं. वर्षं हवी असतील तर ३.१५६ × १०⁷ ने भागा.

पाचवी पायरी: आता ऊर्जा हलवून बघा

खरी मजा इथे आहे. सम वस्तुमानांकाची चार थोरियम समस्थानिकं घेऊन तेच सूत्र, तोच १.२चा गुणक, काहीही न बदलता चालवलं:

| समस्थानिक | Q (एमईव्ही) | 2G | काढलेलं अर्धायुष्य | मोजलेलं |
|---|---|---|---|---|
| थोरियम-२३२ | ४.०८२ | ८९.१ | १४.५ अब्ज वर्षं | १४ अब्ज वर्षं |
| थोरियम-२३० | ४.७७० | ७६.८ | ५८ हजार वर्षं | ७५ हजार वर्षं |
| थोरियम-२२८ | ५.५२० | ६६.१ | १.३ वर्षं | १.९ वर्षं |
| थोरियम-२२६ | ६.४५२ | ५५.७ | १८ मिनिटं | ३१ मिनिटं |

धडकांची संख्या या चौघांत ७.७ × १०²⁰ पासून ९.७ × १०²⁰ पर्यंतच जाते, म्हणजे दीडपटसुद्धा नाही. जे काही घडतं ते 2G मध्ये. आणि 2G तरी किती बदलला? ८९ वरून ५६. एरवी या फरकाकडे कोणी वळूनही बघितलं नसतं. पण तो e च्या डोक्यावर बसलाय. ३३.४ चा फरक म्हणजे e^33.4, सुमारे ३ × १०¹⁴.

हा ३३.४ कुठून आला, त्याचे दोन भाग पाडता येतात आणि ते मला अर्धायुष्यापेक्षाही जास्त सांगून जातात. ऊर्जा ४.०८वरून ६.४५ झाली की बोगद्याचं बाहेरचं तोंड ६२ फेम्टोमीटरवरून ३९वर येतं. मधला २३ फेम्टोमीटरचा उतार ओलांडायची गरजच उरत नाही. थोरियम-२३२ला त्या पट्ट्यासाठी 2G मधले १८.४ मोजावे लागत होते, ते वाचले. उरलेल्या १५ची बचत आतल्या भागात होते, कारण तिथेही V − Q सगळीकडे अडीच एमईव्हीच्या आसपास कमी झालेली असते. म्हणजे निम्म्याहून अधिक काम त्या सौम्य दिसणाऱ्या उताराने केलं. कड्याच्या माथ्याकडे बघत बसलात तर २३.३ चं २१.२ झालं एवढंच दिसतं, आणि एवढ्याने अब्जावधी वर्षं मिनिटांवर कशी आली ते काही केल्या कळत नाही.

ऊर्जा अगदी थोडी हलवली तर काय होतं तेही बघून ठेवा. थोरियम-२३२साठी Q मध्ये फक्त ०.१ एमईव्ही वाढवा, 2G बरोबर २ने उतरतो. म्हणजे अर्धायुष्य ७.४ पटींनी कमी. अडीच टक्क्यांच्या बदलाला साडेसातपट परिणाम. वस्तुमानाच्या चौथ्या दशांशाबद्दल वर जो इशारा दिला तो यामुळे.

सहावी पायरी: सरळ रेषा काढा

आलेखकागदावर आडव्या अक्षावर १/√Q घ्या आणि उभ्या अक्षावर सेकंदांतल्या मोजलेल्या अर्धायुष्याचा दहा पायाचा लॉगॅरिदम. चार बिंदू असे येतात: (०.४९५, १७.६५), (०.४५८, १२.३८), (०.४२६, ७.७८), (०.३९४, ३.२६). पट्टी ठेवून बघा, चारही जवळजवळ एका रेषेत बसतात. चढ सुमारे १४२. अशा प्रकारचा नियम गायगर आणि नटॉल यांना १९११मध्येच प्रयोगांतून दिसला होता, तो का पाळला जातो हे कळायला पुढे सतरा वर्षं लागली.

चढ सूत्रातूनही काढता येतो. R ला b च्या मानाने नगण्य धरलं तर कंसातली किंमत π/२ होते, आणि चढ सुमारे १५० येतो. १४२ आणि १५० मधला फरक R पूर्ण नगण्य नसल्याचा.

रेषेचा उपयोग भाकितासाठी करा. थोरियम-२२४चा Q ७.३० एमईव्ही आहे, १/√Q म्हणजे ०.३७०. रेषा तशीच खाली वाढवली तर अर्धायुष्य ०.७ सेकंद येतं. मोजलेलं साधारण १ सेकंद आहे.

मुलं इथे एक चांगला प्रश्न विचारतात: १४ अब्ज वर्षं कोणी मोजली? थांबून कोणीच नाही. एक ग्रॅम थोरियम-२३२मध्ये २.६ × १०²¹ अणू असतात. त्याला वर काढलेल्या λने गुणलं की सेकंदाला सुमारे ४ हजार अल्फा कण येतात. तेवढे मोजणं सहज शक्य आहे, आणि त्यावरून λ उलट काढता येतो. जुन्या गॅसबत्तीच्या मेंटलमध्ये थोरियमचं ऑक्साइड असायचं. गणपतीच्या मिरवणुकीत डोक्यावर धरलेल्या त्या बत्त्यांमधूनही हे कण निघत होतेच, फक्त ते हवेत काही सेंटिमीटरच्या पुढे जात नाहीत.

रेषा कुठे मोडते

विषम वस्तुमानांक घेतलात की ही रेषा फसवते. थोरियम-२२९चा Q ५.१६८ एमईव्ही. रेषेवरून अर्धायुष्य २०० वर्षांच्या आसपास यायला हवं, मोजलेलं आहे साडेसात ते आठ हजार वर्षं. कारण असं की जोडीविना राहिलेल्या न्यूट्रॉनला मागे उरलेल्या रेडियम-२२५च्या मूळ पातळीत नीट जागा मिळत नाही. बहुतेक अल्फा रेडियमला उत्तेजित पातळीवर सोडून निघतात, म्हणजे त्यांच्या वाट्याला पूर्ण Q येतच नाही. विषम केंद्रकासाठी आपला कोड वापरायचा असेल तर एकूण Q न घालता त्या विशिष्ट पातळीला मिळणारी ऊर्जा घाला, आणि तरीही उत्तर कमीच येईल अशी तयारी ठेवा.

दुसरी जागा पोलोनियम-२१०. हे सम आहे, Q ५.४०७ एमईव्ही. कोड म्हणतो साडेतीन दिवस, प्रत्यक्षात १३८ दिवस. चाळीसपटींची ही चूक ना Z ची आहे ना कॅल्क्युलेटरची. या केंद्रकात न्यूट्रॉन नेमके १२६ आहेत, एक भरलेलं कवच. त्या बंद कवचातून दोन न्यूट्रॉन उचलून अल्फा बनवणं अवघड जातं, आणि अल्फा तयार आहेच असं आपण चौथ्या पायरीत गृहीत धरलं होतं. दोनच न्यूट्रॉन जास्त असलेलं पोलोनियम-२१२ घ्या, Q ८.९५४: कोड ०.०६ मायक्रोसेकंद देतो, मोजलेलं ०.३ मायक्रोसेकंद. तिथे कवचाबाहेरचे दोन न्यूट्रॉन हाताशी असतात आणि चूक पुन्हा पाचपटीच्या आत येते.